एलटी पॅनेल आणि बसबारची निवड: फॉर्म, आयपी आणि शॉर्ट टाइम करंट (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पॅनेलची ऑर्डर देण्यापूर्वी, आणि त्याहून अधिक वेळा पॅनेल साइटवर उभे राहिल्यानंतर, जे प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतात ते येथे एकत्र केले आहेत. सर्व उत्तरांत एकच उदाहरण घेतले आहे: ११ किलोव्होल्ट/४३३ व्होल्टचे, १००० केव्हीएचे दोन ट्रान्सफॉर्मर, प्रत्येकाचा इम्पीडन्स ५ टक्के, प्रत्येकासाठी एक इनकमर आणि दोन्ही बसबारांच्या मध्ये एक बस कपलर असलेले कारखान्याचे मुख्य एलटी पॅनेल. आधार आयएस/आयईसी ६१४३९ या मानकाच्या भाग १ आणि भाग २ चा आहे.

१. चौकशीपत्रात फॉर्म, आयपी आणि आयसीडब्ल्यू असे तीन रकाने असतात. हे तिन्ही म्हणजे पॅनेलच्या मजबुतीचेच मोजमाप आहे का?

नाही. आयसीडब्ल्यू, म्हणजे शॉर्ट टाइम विदस्टँड करंट, हा बसबार आणि त्यांचे आधार दोषप्रवाह किती किलोअँपिअरपर्यंत आणि किती वेळ सोसतील ते सांगतो. आयपी हा बाहेरच्या आवरणातून बोट, तार, धूळ आणि पाणी किती आत जाऊ शकते ते सांगतो. फॉर्म हा आवरणाच्या आतल्या पडद्यांविषयी आहे: बसबार, ब्रेकर आणि केबलची टर्मिनल्स एकमेकांपासून किती वेगळी ठेवली आहेत, एवढेच त्यातून कळते. पहिला आकडा ट्रान्सफॉर्मरवरून ठरतो, दुसरा जागेवरून आणि तिसरा तुमची माणसे देखभाल कशी करतात त्यावरून. त्यामुळे एका कारखान्याचे चौकशीपत्र दुसऱ्या कारखान्यासाठी जसेच्या तसे उतरवले, तर यांतला निदान एक आकडा तरी चुकतोच, असा आमचा अनुभव आहे.

२. आयसीडब्ल्यू किती मागायचा? विक्रेते सरसकट ‘५० केए घ्या’ म्हणतात.

गणित दोन ओळींचे आहे आणि ते विक्रेत्यावर सोडू नये. आधी ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण भाराचा प्रवाह काढावा, मग त्याला इम्पीडन्सने भागावे:

```
I  = 1000 / (1.732 x 0.433) = 1333 A
Ik = 1333 / 0.05            = 26.7 kA
```

ट्रान्सफॉर्मरच्या इम्पीडन्सला १० टक्के सवलत असते, म्हणून प्रत्यक्षात तो ४.५ टक्के निघाला तर दोषप्रवाह २९.६ किलोअँपिअर होतो. ११ किलोव्होल्ट बाजूचा स्वतःचा इम्पीडन्स आपण शून्य धरला आहे. खरा आकडा त्यामुळे थोडा कमीच येईल, म्हणजे आपली चूक सुरक्षित बाजूला आहे. उलट बाजूने, शॉर्ट सर्किट होताच चालू मोटारी पहिली काही सायकल्स जनित्रासारख्या वागून दोषात प्रवाह ओततात. एक सेकंदाच्या हिशेबात हा वाटा विशेष उरत नाही, पण पहिल्या शिखराला तो नक्की जाणवतो. हे सर्व धरून एका ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या बसबारसाठी ३५ किलोअँपिअर, १ सेकंद हा आकडा पुरेसा ठरतो. ५० मागितले म्हणून काही बिघडत नाही. फक्त आधार आणि ब्रेकर यांचे पैसे विनाकारण जातात. मात्र कपलर असेल तर पुढचा प्रश्न वाचल्याशिवाय हा आकडा लिहू नये.

३. दोन ट्रान्सफॉर्मर आहेत आणि मध्ये बस कपलर आहे. आकडा दुप्पट धरायचा का?

दोन्ही इनकमर आणि कपलर हे तिन्ही ब्रेकर एकाच वेळी चालू होऊ शकत असतील, तर होय. दोन ट्रान्सफॉर्मर समांतर आले की २६.७ चे ५३.३ किलोअँपिअर होतात, आणि इम्पीडन्सची सवलत धरली तर ५९ च्या पुढे जातात. म्हणजे ज्या ‘सरसकट ५०’ वर आपण निश्चिंत होतो, ते येथे अपुरे पडते. पर्याय दोनच आहेत: ६५ किलोअँपिअरचे पॅनेल घेणे, किंवा तिघांपैकी कोणतेही दोनच ब्रेकर लागू शकतील असे इंटरलॉक करून ३५ वर राहणे. बहुतेक कारखान्यांसाठी दुसरा पर्याय योग्य आहे, कारण समांतर चालवण्याची त्यांना खरी गरज नसते.

इंटरलॉक विद्युत असावाच, पण त्याच्या जोडीला कॅसल कीचा यांत्रिक इंटरलॉकही असावा. त्याचे तत्त्व साधे आहे: कुलपे तीन, चाव्या दोन. एका कारखान्यात आम्ही पाहणीला गेलो तेव्हा तिन्ही ब्रेकरांत चाव्या लावलेल्या दिसल्या. चौकशी केल्यावर कळले की एक चावी हरवेल या धास्तीने कोणीतरी तिसरी करवून ठेवली होती, आणि पाळी बदलताना वीज जाऊ नये म्हणून ऑपरेटर मंडळी दोन ट्रान्सफॉर्मर ‘दोन मिनिटांपुरते’ समांतर करत होती. पॅनेलच्या पाटीवर ३५ किलोअँपिअर, १ सेकंद असे स्वच्छ लिहिले होते. तिसरी चावी ज्या दिवशी तयार झाली, त्याच दिवशी ती पाटी खोटी ठरली होती.

४. आमचा इनकमर ०.४ सेकंदात ट्रिप होतो. मग १ सेकंदाचे पॅनेल कशासाठी?

मानक उष्णतेपुरते रूपांतर मान्य करते: प्रवाहाचा वर्ग गुणिले वेळ हा गुणाकार स्थिर धरायचा, आणि वेळ ३ सेकंदांच्या पुढे न्यायची नाही. त्यानुसार ३५ किलोअँपिअर १ सेकंद म्हणजे सुमारे २० किलोअँपिअर ३ सेकंद. हे खाली उतरणारे रूपांतर बिनधोक आहे. वर चढणारे तसे नाही. ०.४ सेकंदासाठी कागदावर ५५ किलोअँपिअर येतात आणि त्यावर विसंबून कोणी कपलर लावायला निघाला, तर तो फसतो. बसबार तापण्याच्या आधीच, पहिल्या अर्ध्या सायकलच्या शिखरातच, आधार तुटू शकतात, आणि पाटीवरचा शिखरप्रवाहाचा आकडा ओलांडणारे रूपांतर मानकाला मान्य नाही.

शिवाय इनकमरच्या वरच्या बाजूचा भाग, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडून येणारा बसडक्ट आणि इनकमरची वरची टर्मिनल्स, यांना तो इनकमर वाचवतच नाही. तेथला दोष एचटी ब्रेकरलाच तोडावा लागतो, आणि खालच्या संरक्षणाशी ताळमेळ ठेवण्यासाठी त्याच्या रिलेला वेळ दिलेला असतो. एक सेकंदाची अट प्रामुख्याने या भागासाठी राखावी.

५. दोषप्रवाहात बसबारवर नेमके काय घडते? आधार किती अंतरावर असावेत?

दोन गोष्टी घडतात: पट्टी तापते आणि पट्ट्या एकमेकींना ढकलतात किंवा ओढतात. तापणे सेकंदांत मोजावे, ढकलणे मिलिसेकंदांत. बल शिखरप्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असते आणि शिखर काढण्यासाठी मानकात गुणक दिलेले आहेत: २० ते ५० किलोअँपिअरपर्यंत २.१, त्याच्या पुढे २.२. म्हणून ३५ किलोअँपिअरचे शिखर ७३.५ किलोअँपिअर. फेजमधले अंतर १०० मिलिमीटर असेल, तर मधल्या पट्टीवर येणारे बल असे:

```
F = 0.866 x 2e-7 x (73500)^2 / 0.1
  = 9360 N/m
```

म्हणजे प्रत्येक मीटरला सुमारे ९५० किलो वजनाचा धक्का. आधार ३०० मिलिमीटरवर असले तर प्रत्येक आधाराच्या वाट्याला सुमारे २८५ किलो येतात, आणि तो धक्का आलटून पालटून दोन्ही दिशांनी येतो. आता कपलर लावून ५३.३ किलोअँपिअर करा: शिखर ११७ किलोअँपिअरवर जाते आणि हेच बल अडीचपट होते. प्रवाह दीडपट झाला तरी आधारांची परीक्षा दीडपटीवर थांबत नाही, हे येथे दिसते.

आधारांचे अंतर तुम्ही स्वतः ठरवू नका. ज्या नमुन्याची चाचणी झाली त्यात जे अंतर, जो आधार आणि जी पट्टी होती, तेच तुमच्या पॅनेलमध्ये असावे. पॅनेल आल्यावर मागचा दरवाजा उघडून चाचणी अहवालातल्या रेखाचित्राशी टेपने अंतर पडताळावे. या कामाला दहा मिनिटे लागतात. आम्ही मोजलेल्या पॅनेलांत कोपऱ्यावरच्या शेवटच्या गाळ्यात आधार वगळलेला असण्याचे प्रमाण सर्वाधिक होते, कारण तेथे पट्टी वळते आणि आधार बसवायला अडचण होते.

६. बसबार तांब्याचा घ्यावा की अॅल्युमिनिअमचा, आणि किती आडव्या छेदाचा?

शॉर्ट सर्किटच्या दृष्टीने छेदाचा प्रश्न सहसा अडत नाही. ८५ अंशांवर असलेली अॅल्युमिनिअमची पट्टी एका सेकंदात १८५ अंशांपर्यंत चढू द्यायची असेल, तर दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८० अँपिअर चालतात. तांब्याला सुमारे १२०. त्या हिशेबाने ३५ किलोअँपिअरला अॅल्युमिनिअमची जवळपास ४४० चौरस मिलिमीटर पट्टी पुरते. पण १६०० अँपिअरचा रोजचा भार वाहायला, आपल्याकडे रूढ असलेल्या दर चौरस मिलिमीटर ०.८ अँपिअर या ठोकताळ्याने, २००० चौरस मिलिमीटर, म्हणजे १०० × १० च्या दोन पट्ट्या लागतात. छेद रोजची उष्णता ठरवते, शॉर्ट सर्किट नव्हे. ठोकताळ्याचा उपयोग अंदाजापुरता. अंतिम पुरावा तापवृद्धीच्या पडताळणीचाच (प्रश्न १० पाहावा).

जागा पुरेशी असेल तर अॅल्युमिनिअम घेण्यात कमीपणा नाही. मात्र जोडांची निगा अधिक लागते: ऑक्साइड खरवडून काँटॅक्ट ग्रीस लावणे, बेल्व्हिल वॉशर वापरणे आणि टॉर्क रेंचने घट्ट करून बोल्टवर खूण ओढणे.

७. फॉर्म १ ते ४बी यांतला फरक सोप्या शब्दांत सांगाल का?

पॅनेलच्या पोटात तीन वस्तू असतात असे समजा: बसबार, फंक्शनल युनिट (म्हणजे ब्रेकर आणि त्याचा सरंजाम), आणि बाहेरच्या केबलची टर्मिनल्स. फॉर्म १ मध्ये तिन्ही एकाच पोकळीत असतात. फॉर्म २ मध्ये बसबार युनिटांपासून वेगळे होतात. फॉर्म ३ मध्ये त्याशिवाय प्रत्येक युनिट शेजारच्या युनिटापासून वेगळे होते आणि टर्मिनल्स युनिटांपासून वेगळी होतात, पण टर्मिनल्स आपापसांत उघडी राहतात. फॉर्म ४ मध्ये एका फीडरची टर्मिनल्स दुसऱ्याच्या टर्मिनल्सपासूनही वेगळी होतात.

पुढचे अक्षर टर्मिनल्सविषयी आहे. २ए आणि ३ए मध्ये टर्मिनल्स बसबारपासून वेगळी नसतात. २बी आणि ३बी मध्ये असतात. ४ए मध्ये टर्मिनल्स आपल्याच युनिटाच्या गाळ्यात बसतात, तर ४बी मध्ये प्रत्येक फीडरच्या टर्मिनल्सना स्वतंत्र गाळा मिळतो. विलगीकरण पत्र्यानेच व्हावे असे नाही. इन्सुलेटेड पडदा, जिवंत भागावरचे इन्सुलेशन किंवा ब्रेकरची स्वतःची मोल्डेड पेटीही चालते. कोणत्याही मार्गाने केले तरी पडद्यापलीकडच्या जिवंत भागाला चाचणीचे बोट, १२ मिलिमीटर व्यासाचे आणि ८० मिलिमीटर लांब, लागता कामा नये. इंग्लंडहून आलेल्या कागदांत ‘फॉर्म ४, टाइप ६’ असे दिसले तर गोंधळू नये. टाइप ही तेथील राष्ट्रीय भर आहे. तो तपशील हवा असेल तर ऑर्डरमध्ये शब्दांनी लिहून घ्यावा.

८. मग कोणता फॉर्म मागावा? सल्लागार नेहमी ४बी लिहितात.

एकच प्रश्न स्वतःला विचारावा: एका फीडरची केबल बदलायची झाली, तर पूर्ण बसबार बंद करणे तुम्हाला परवडते का? वर्षातून दोन ठरलेले शटडाउन मिळत असतील आणि फीडर मोजकेच असतील, तर ३बी पुरेसे आहे. ज्या एमसीसीत तीसचाळीस मोटारी आहेत, केबली वरचेवर उघडल्या जातात आणि प्रक्रिया थांबवता येत नाही, तेथे ४बीचे पैसे वसूल होतात. ४बीमध्ये केबल ॲली रुंद लागते, प्रत्येक टर्मिनलच्या गाळ्यात केबल वळवायला हात अडखळतो आणि हवा कमी खेळते. हे तोटे चौकशीपत्र लिहिणाऱ्याला दिसत नाहीत, जॉइंटरला दिसतात. २४० चौरस मिलिमीटरची साडेतीन कोअर केबल अरुंद गाळ्यात वळत नाही म्हणून मधला पडदा कापून टाकल्याचे आम्ही एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. त्या क्षणी ते पॅनेल ४बी राहत नाही.

फॉर्म ४ म्हणजे चालू पॅनेलमध्ये काम करण्याचा परवाना नव्हे. वर्क परमिट, आयसोलेशन आणि टॅग यांची गरज कायम राहते.

९. फॉर्म ४ घेतला तर आतला आर्क एका गाळ्यातच अडकून राहील ना?

तसे आश्वासन फॉर्म देत नाही. फॉर्मची पडताळणी बोट आणि बाहेरची वस्तू आत जाते का यावर होते. आर्कचा दाब आणि वितळलेला धातू यांवर नव्हे. आर्कसाठी आयईसी टीआर ६१६४१ हा वेगळा दस्तऐवज आहे आणि त्याचा अहवाल स्वतंत्रपणे मागावा लागतो. एवढे खरे की पडदे असले की खाली पडलेला वॉशर शेजारच्या गाळ्यात जात नाही, आणि असा वॉशरही आर्कचे कारण ठरू शकतो.

१०. आयपी किती मागावा? ५४ सगळीकडे चालतो का?

पहिला अंक घन वस्तूंचा: २ म्हणजे बोट, ४ म्हणजे एक मिलिमीटरची तार, ५ म्हणजे काम बिघडवील एवढी धूळ आत न येणे, ६ म्हणजे धूळ अजिबात न येणे. दुसरा अंक पाण्याचा: २ म्हणजे पॅनेल १५ अंश कलले तरी चालणारे थेंब, ४ म्हणजे कोणत्याही दिशेचे शिंतोडे, ५ म्हणजे फवारा. बंद, स्वच्छ इलेक्ट्रिकल रूममध्ये आयपी ४२ पुरेसा आहे. धुळीच्या शॉपफ्लोअरवर ५४, आणि उघड्यावर ५५ मागून वर पत्र्याची छत्री द्यावी.

सरसकट ५४ मागण्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. ४२ च्या पॅनेलला जाळीच्या झडपा असतात आणि हवा खालून वर वाहते. ५४ मध्ये त्या बंद होतात आणि सर्व उष्णता पत्र्यातूनच बाहेर पडावी लागते. त्यामुळे तोच १६०० अँपिअरचा बसबार बंद पेटीत तेवढा प्रवाह वाहीलच असे नाही. मानकातले नेहमीचे गृहीतक बाहेरची हवा कमाल ४० अंश आणि २४ तासांची सरासरी ३५ अंश असे आहे. नागपूर किंवा चंद्रपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली हे गृहीतक टिकत नाही. म्हणून ऑर्डरमध्ये ‘१६०० अँपिअर’ एवढेच न लिहिता ‘आयपी ५४ आवरणात, ५० अंश भोवतालात १६०० अँपिअर’ असे लिहावे आणि त्या स्थितीची पडताळणी मागावी. पंखे बसवले तर फिल्टरसह ५४ मिळू शकतो, पण तो फिल्टर तुंबेपर्यंतच उपयोगी असतो.

आयपी गंजाविषयी काहीच सांगत नाही. कोकण किनाऱ्यावर खारी हवा असेल, तर रंगाची जाडी आणि बोल्टचा धातू हे स्वतंत्रपणे लिहावे लागतात.

११. कारखान्यातून ५४ म्हणून आलेल्या पॅनेलमध्ये पहिल्याच पावसात पाणी सापडले. दोष कोणाचा?

आधी ग्लँड प्लेट पाहा. आम्ही तपासलेल्या एका पॅनेलमध्ये केबली वरून येत होत्या आणि जादा केबलीसाठी ठेकेदाराने वरच्या प्लेटला होल सॉने ६३ मिलिमीटरचे भोक पाडून त्यात ३२ मिलिमीटरची कंट्रोल केबल सोडली होती; उरलेल्या फटीत कॉटन वेस्ट कोंबले होते. गळती छतात, पंधरा मीटर दूर होती. पाणी केबल ट्रेमध्ये पडून केबलच्या अंगाने ओघळत आले, वेस्ट भिजले आणि थेंब नेमका आडव्या बसबारच्या आधारावर पडत राहिला. आधारावर झाडाच्या फांद्यांसारख्या काळ्या रेघा उमटल्या होत्या, म्हणजे ट्रॅकिंग सुरू झाले होते. आणखी काही आठवडे कोणी दरवाजा उघडला नसता, तर ३५ किलोअँपिअरची परीक्षा तेथेच झाली असती.

वरून केबल घेणे टाळता येत नसेल, तर पॅनेलच्या आधी केबलला खाली झोल द्यावा म्हणजे पाणी त्या झोलावरून गळून जाते, प्रत्येक केबलला मापाचा डबल कॉम्प्रेशन ग्लँड लावावा आणि रिकामी भोके प्लगने बंद करावीत.

१२. मुख्य बसबार ३५ केएचा आहे, पण फीडरच्या एमसीसीबीकडे जाणाऱ्या जोडपट्ट्या खूपच बारीक दिसतात. हे चूक नाही का?

नेहमी चूक नसते. मुख्य बसबारपासून फीडरच्या ब्रेकरपर्यंतचा छोटा वाहक, त्या ब्रेकरच्या पुढच्या बाजूला जेवढा ताण येतो तेवढ्यासाठीच धरण्याची मुभा मानक देते. अट अशी की तो वाहक असा बांधलेला असावा की त्याच्यावरच शॉर्ट सर्किट होण्याची अपेक्षा राहू नये. म्हणजे इन्सुलेटेड, आखूड, धारेवर न घासणारा, फेज एकमेकांना न चिकटलेला. उघडी बारीक पट्टी दिसली तर मात्र हरकत नोंदवावी. न्यूट्रल आणि अर्थ बसबारची गोष्टही अशीच आहे: त्यांचा आकडा सामान्यतः फेजच्या ६० टक्के धरला जातो, म्हणून येथे २१ किलोअँपिअर दिसले तर घाबरू नये.

१३. जुन्या पॅनेलमध्ये वेगळ्या कंपनीचा ब्रेकर बसवला, किंवा शेजारी दोन गाळे जोडले, तर जुने आकडे लागू राहतात का?

आपोआप नाहीत. आयसीडब्ल्यूची चाचणी विशिष्ट ब्रेकर, पट्टी आणि आधार यांच्या एकत्र मांडणीवर झालेली असते. ब्रेकर बदलला की टर्मिनलची जागा आणि उष्णता बदलते. एमसीसीबी प्रवाह किती कापतो तेही बदलते. नव्या ब्रेकरच्या उत्पादकाकडून तुलना मागावी, आणि ती मिळेपर्यंत पाटीवरचा आकडा आपला मानू नये. गाळे जोडताना जुन्या बसबारच्या टोकाला पट्टी बोल्टने जोडली, तर तो नवा जोड आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे आधार हेच सर्वांत कच्चे ठिकाण असते; प्रश्न ५ मधली टेप तेथे पहिल्यांदा लावावी.

आणि एखादी सोपी सुटका अशीही आहे: जेथे संभाव्य दोषप्रवाह १० किलोअँपिअरपेक्षा जास्त नाही, तेथे शॉर्ट सर्किटची पडताळणी मानक मागत नाही. आपल्या उदाहरणातील पॅनेलपासून लांब, बारीक केबलीवर असलेली छोटी वितरण पेटी त्यात बसू शकते. पण ‘बसू शकते’ हे केबलची लांबी आणि छेद घालून मोजल्यानंतरच म्हणावे.